अठ्ठेचाळीस लिटरचा हिशेब

ट्रॅक्टरबरोबर मिळणारं पुस्तक आमच्या जालना जिल्ह्यात वाचायचं नसतं, जपायचं असतं. लोखंडी कपाटात सातबारा, विम्याची पावती आणि थोरल्या मुलीच्या लग्नाची उरलेली पत्रिका यांच्या मधोमध ते असतं. काही घरांत त्याची प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नसते. दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा होते तेव्हा पुस्तकालाही हळदकुंकवाचं बोट लागतं आणि ते वर्षभरासाठी पुन्हा आत जातं. म्हणून कुणी शहाणासुरता माणूस ते उघडून, चष्मा लावून वाचताना दिसला, तर घरात काहीतरी बिनसलं आहे असं खुशाल समजावं.

माझे दाजी ते वाचत बसले होते. दाजींचं गाव राजूरपासून जवळ, भोकरदन तालुक्यात. सोयाबीन, मका, थोडी मिरची, आणि या सगळ्यापेक्षा जास्त लाडका पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर. अक्का म्हणते, माझ्या बाळंतपणात हा माणूस एवढा जागला नव्हता जेवढा ट्रॅक्टरचा क्लच गेला तेव्हा जागला. तर या ट्रॅक्टरच्या मागच्या तेलाचे तास भरले. मागचं तेल म्हणजे गिअरबॉक्स, डिफरन्शियल, मागचा ॲक्सल आणि लिफ्टचं हायड्रॉलिक या सगळ्यांत मिळून एकच फिरणारं तेल. एकत्र कुटुंब. एकाला ताप आला की सगळ्यांना येतो. हे तेल महाग, आणि दाजी व्यवहारात चोख. मिस्त्री सांगेल तेवढं आणायचं हे त्यांना पटेना. त्यांनी पुस्तक काढलं, शेवटच्या पानांवरचा तक्ता शोधला आणि त्यात बोट ठेवून वाचलं: ट्रान्समिशन व हायड्रॉलिक, ४८ लिटर.

मोंढ्यातून त्यांनी वीस-वीस लिटरच्या तीन बादल्या आणल्या. दोनात चाळीस होतात, आठ कमी पडतात, म्हणून तिसरी. इथपर्यंत गणिताला नाव ठेवायला जागा नाही. दुकानदारानेही ठेवलं नाही. तिसरी बादली विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गणिताला दुकानदार कधीच नाव ठेवत नाहीत.

दुपारी मला फोन आला.

"सर, भोकरदन नाक्यावर या बरं लगेच. आपलं तेल चोरलंय."

मी आयटीआयत डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे सासरी-माहेरी, पाव्हण्यारावळ्यांत, ज्या कशाला चाक आहे त्याचा न्यायनिवाडा माझ्याकडे येतो. पोचलो तर ट्रॅक्टर उभा, खाली बोळ्ट उघडा, मिस्त्री स्टुलावर बिडी न पेटवता हातात धरून बसलेला, आणि दाजी तीन डब्यांसमोर कमरेवर हात ठेवून. डबे गोड्या तेलाचे, पंधरा किलोचे. दोन काठोकाठ भरलेले, तिसरा निम्म्यालाही आलेला नव्हता. त्यांत ट्रॅक्टरमधून काढलेलं काळपट तेल.

"मोजा," दाजी म्हणाले. "पंधरा न् पंधरा तीस. ह्याच्यात सहा-साडेसहा. झाले साडेछत्तीस. पुस्तकात अठ्ठेचाळीस. साडेअकरा लिटर तेल गेलं कुठं?"

"काका, जेवढं आलं तेवढं हे समोर हाये," मिस्त्री म्हणाला. "जुनं तेल चोरून मी काय भजे तळू?"

हा मुद्दा बिनतोड होता, पण दाजींना आकड्याचं उत्तर आकड्यातच हवं होतं.

पहिले साडेतीन लिटर तिथल्या तिथे सापडले. पंधरा किलोचा डबा म्हणजे पंधरा लिटरचा नव्हे. गोडं तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरला सुमारे नऊशे दहा ग्रॅम, त्यामुळे पंधरा किलो तेलाला साडेसोळा लिटरचा डबा लागतो. दोन डब्यांचे तेहेतीस झाले. तिसऱ्यात दाजींच्या हिशेबाने साडेसहा, खऱ्या हिशेबाने सात. एकूण चाळीस. दाजींनी हे कागदावर करून पाहिलं, मग डब्यावरची छापील अक्षरं वाचली, मग किराणा दुकानदाराविषयी काहीतरी पुटपुटले. का, ते कळलं नाही. त्याने तर उलट लिटरात जास्तच दिलं होतं.

राहिले आठ लिटर. आणि हेच खरे, कारण असे आठ लिटर जगात प्रत्येक यंत्रात असतात आणि प्रत्येक ठिकाणी त्यांच्यावरून मिस्त्रीवर संशय घेतला जातो.

पुस्तकातला तो ४८ आकडा कोरड्या ट्रॅक्टरचा आहे. कारखान्यात गिअरबॉक्सचं ओतकाम, दात्यांची चाकं, बेअरिंगा, लिफ्टचा पंप, नळ्या असं सगळं जोडून होतं तेव्हा त्यात तेलाचा थेंब नसतो. पहिल्यांदा भरताना प्रत्येक पोकळी, प्रत्येक नळी, फिल्टरची प्रत्येक घडी तेल पिते, आणि मग पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेला येते. ती ड्राय कपॅसिटी. पुन्हा एवढं तेल लागण्याचा प्रसंग एकच, ट्रॅक्टर मधून दोन तुकडे करून, सगळे भाग धुऊन पुसून परत जोडले तर. सर्व्हिसला आपण काय करतो? खालचा बोळ्ट काढतो, जे बाहेर यायला तयार आहे तेवढं येऊ देतो आणि बोळ्ट लावतो. तूप संपलेल्या बरणीसारखं आहे हे. उलटी करून ठेवली तरी पोळीचा तुकडा फिरवणाऱ्याला काहीतरी मिळतंच.

"पण मग पुस्तकात खोटं काहून छापतात?" दाजी म्हणाले.

खोटं नव्हतं. मी पुस्तक मागून घेतलं. तक्त्यातल्या ४८ वर एक चांदणी होती, बारीक. चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी, आणखी बारीक: कोरड्या अवस्थेत. आणि बऱ्याच आधीच्या देखभालीच्या प्रकरणात वेगळं वाक्य होतं, की तेल बदलताना साधारण ४० लिटर लागतं, नेमकी पातळी डिपस्टिकवर पाहावी. म्हणजे एकाच पुस्तकात दोन्ही आकडे होते. एक ट्रॅक्टर बनवणाऱ्याने लिहिला होता, दुसरा ट्रॅक्टर सांभाळणाऱ्यासाठी. सगळी पुस्तकं एवढी भली नसतात. पुष्कळांत एकच आकडा असतो आणि तो कुठला हे सांगितलेलं नसतं. तेव्हा माझा अनुभव असा की मागच्या तक्त्यात, लांबी-रुंदी-वजनाच्या शेजारी छापलेला आकडा बहुधा कोरडा असतो, आणि "बदलण्याची कृती" म्हणून जिथे बोळ्ट, पाना, भांडं यांचा उल्लेख येतो तिथला आकडा फेरभरतीचा.

दाजींचं समाधान झालं नाही. आठ लिटर आत आहेत हे तत्त्व म्हणून ठीक, पण आत म्हणजे कुठे? सातबाऱ्यावर गट नंबर लागतो तसा त्यांना प्रत्येक लिटरचा पत्ता हवा होता. मला ही मागणी आवडली. तीस वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याने ती केली नव्हती.

पहिला पत्ता लिफ्टचा. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही लिफ्ट-आर्म्स वर उचललेल्या होत्या. सकाळी रोटाव्हेटर सोडून दाजी तसेच गाडी घेऊन निघाले, आणि मिस्त्रीनेही त्या तशाच राहू देऊन बोळ्ट खोलला. आर्म्स वर असतात तेव्हा लिफ्टच्या सिलिंडरात तेल दाबून बसलेलं असतं. त्यांनाच तर त्या तेलाने उचलून धरलंय. नऊ सेंटिमीटर व्यासाचा दट्ट्या बारा सेंटिमीटर सरकत असेल तर पाऊण लिटर होतं. मी लिव्हर खाली केला, आर्म्स दाबल्या, आणि बोळ्टाच्या भोकातून पुन्हा धार लागली. दाजी मिस्त्रीकडे असं बघायला लागले की जणू रंगेहाथ पकडला.

दुसरा पत्ता मागच्या ॲक्सलचा. दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या नळकांड्यांच्या टोकाला, जिथे मोठा रिडक्शन गिअर बसतो, तिथे खोलगट कप्पे असतात. मधल्या पेटीचा तळ आणि या कप्प्यांचा तळ यांच्यामध्ये ओतकामाचा उंबरठा आहे. मधला बोळ्ट कितीही वेळ उघडा ठेवा, उंबरठ्यापलीकडचं तेल येणार नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंना स्वतंत्र बोळ्ट दिलेले असतात आणि ते चिखलाखाली इतके गाडलेले असतात की ट्रॅक्टर विकला जाईपर्यंत मालकाला त्यांचा पत्ता नसतो. मिस्त्रीला होता. "काका, हे कोणीच नाही खोलत. अर्धा तास जास्तीचा जातो," तो म्हणाला, आणि मान खाली घालून खरवडायला लागला. दोन्हीकडून मिळून सव्वादोन लिटर आलं. ते मधल्यापेक्षा काळं होतं, आणि एका बोळ्टाच्या लोहचुंबकाला राखाडी मऊ लगदा चिकटला होता. लगदा चालतो, ती गिअरची रोजची झीज. टोचणारे चकचकीत कण दिसले तर तेलाचा हिशेब सोडून बेअरिंगचा हिशेब सुरू करावा लागतो.

पाऊण आणि सव्वादोन, तीन लिटर सापडले. राहिलेले पाच आता सापडणार नव्हते. पंपात, वाल्व्हमध्ये, नळ्यांत, बेअरिंगांच्या मागे, बोळ्टाच्या भोकाच्या कडेपेक्षा खाली असलेल्या तळात, आणि शेकडो दात्यांवर बसलेल्या थरात ते विभागले गेले होते. थंड ट्रॅक्टरचं तेल काढलं असतं तर आणखी राहिलं असतं. नांगरटीवरून आलेल्या गरम ट्रॅक्टरचं काढलं आणि रात्रभर ठिबकू दिलं तर अर्धा-एक लिटर कमी राहील. म्हणजे फेरभरतीचा आकडा हा ट्रॅक्टरचा गुणच नव्हे. तो काढणाऱ्याच्या सबुरीचा आकडा आहे. याच ट्रॅक्टरला घाईत चाळीस लिटर लागले असते, आज त्रेचाळीस लागणार होते.

"म्हणजे नीट काम केलं तर तेल जास्त लागतं?" दाजी म्हणाले.

लागतं. आणि त्याचा फायदा कशात, तेही कागदावर मांडलं. अठ्ठेचाळीसमध्ये आठ लिटर जुनं राहिलं म्हणजे एक षष्ठांश. नवं तेल भरून झाकण लावता त्याच क्षणी त्यात सोळा-सतरा टक्के जुनं मिसळलेलं असतं. पाच राहिलं तर दहा टक्के. रोजच्या सर्व्हिसला हा फरक कुणी मनावर घेऊ नये, ट्रॅक्टर घेत नाही. पण मागच्या तेलात पाणी गेलं असेल, पावसाळ्यात ओढ्यात ट्रॅक्टर अडकल्यावर जातं, तेल दुधाळ होतं, तेव्हा हाच फरक मोठा होतो. एकदा काढून भरलं तर सहावा हिस्सा दुधाळच राहतो. थोडं चालवून दुसऱ्यांदा काढलं तर त्या सहाव्याचा सहावा, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत येतो. एकदाच सगळं काढलंय असं समजून सोडून देणाऱ्याच्या बेअरिंगा पुढच्या हंगामात गंज खातात आणि दोष तेलाच्या कंपनीला जातो.

आता भरायची वेळ. मिस्त्रीने गाळणी धुतली, फिल्टर बदलला, बोळ्ट आवळले आणि पहिली बादली वर घेतली. दोन बादल्या रिकाम्या झाल्या. चाळीस. मी थांबवलं, इंजिन सुरू करून पाच मिनिटं चालू दिलं, लिफ्ट पाच-सहा वेळा वरखाली केली. कारण नवा फिल्टर आणि रिकामा पंप आधी आपला वाटा घेतात. ते न करता पातळी बघितली तर ती खोटी भरलेली दिसते. मग आर्म्स खाली, इंजिन बंद, दहा मिनिटं गप्प बसायचं. दहा मिनिटं गप्प बसणं हा भागच सगळ्यांना अवघड जातो. शिवाय ट्रॅक्टर सपाट जागेवर हवा. गॅरेजचं अंगण रस्त्याकडे उतरतं होतं, म्हणून ट्रॅक्टर ढकलत समोरच्या सिमेंटच्या ओट्यालगत नेला. मधली पेटी लांबोडकी असते, पुढचं चाक वीतभर खाली असलं तरी डिपस्टिक दोन-तीन लिटरची थाप मारते. डिपस्टिक पुसून घातली, काढली. खालच्या खुणेपाशी. तिसरी बादली फोडून लिटर-लिटर घालत गेलो. तिसऱ्या लिटरला वरच्या खुणेच्या केसभर खाली आलं. बस्स म्हणालो.

बादलीत सतरा लिटर उरले. दाजींचा चेहरा पडला. फोडलेली बादली दुकानदार परत घेत नाही.

"मग अठ्ठेचाळीस पुरे करून टाका ना," ते म्हणाले. "पुस्तकातच हाये. कमी पडण्यापेक्षा जास्त बरं."

या एका वाक्याने जिल्ह्यातल्या मिस्त्रींची निम्मी घरं चालतात. जेवणात जास्त झालं तर माणूस ढेकर देतो. गिअरबॉक्सही तेच करतो, फक्त त्याचा ढेकर आपल्याला पुसावा लागतो. गिअर तेलात जरा बुडालेले असावेत, पोहत नसावेत. पातळी वर गेली की मोठं चाक तेल घुसळतं, त्यात हवा मिसळते, फेस होतो. फेस दाबला की दबतो, तेल दबत नाही, म्हणून लिफ्ट थरथरत उचलते आणि ओझं घेऊन हळूहळू बसते. घुसळण्यात तेल तापतं, तापून फुगतं, वरच्या ब्रीदरमधून बाहेर येतं, आणि ब्रीदर धुळीने बुजलेला असला, जो आपल्याकडे असतोच, तर ॲक्सलच्या सीलमधून वाट काढतं. ज्या ट्रॅक्टरला सुके ब्रेक आहेत, त्यात ते तेल थेट ब्रेकच्या अस्तरांवर जातं. गॅरेजात कोपऱ्यात तसा एक उभाच होता. मागच्या रिमच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ, त्यावर धूळ बसून झालेला काळा चिखल. मालकाने ब्रेक दोनदा टाईट करून घेतले होते, मग अस्तरं बदलली होती. तेल जास्त आहे हे कुणी बघितलंच नव्हतं, कारण तेल कमी आहे का हेच सगळे बघतात.

कमी असल्याची खूण वेगळी. चढावर किंवा वळताना पंप हवा ओढतो आणि किर्रर्र आवाज करतो, लिफ्ट गचके देत वर येते. आवाज ऐकून तेल टाकावं. पण टाकायच्या आधी मागे काय जोडलंय ते बघावं. हे शेवटचं वाक्य मी बोलून गेलो आणि पुढची सगळी भानगड त्यातून झाली.

"मागे काय जोडलंय म्हणजे?"

दाजींकडे हायड्रॉलिक ट्रॉली आहे. सोयाबीन घेऊन मोंढ्यात आली की जॅक वर करते आणि ओतते. तो जॅक उचलायला तेल कुठून येतं? ट्रॅक्टरच्या त्याच एकत्र कुटुंबातून. जॅक साधा, एका नळीचा, दट्ट्या दहा सेंटिमीटर व्यासाचा, उचल मीटरभर. क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर, गुणिले शंभर, म्हणजे पावणेआठ लिटरच्या वर. ट्रॉली उभी असते तेव्हा ट्रॅक्टरमध्ये आठेक लिटर तेल कमी असतं, आणि ते कुठेही गेलेलं नसतं, ट्रॉलीखाली खांबासारखं उभं असतं. त्या वेळी कुणी डिपस्टिक बघितली तर छाती दडपते. माणूस धावत जाऊन तेल आणतो, भरतो, खुणेला आणतो, समाधानाने ट्रॉली खाली करतो, आणि आठ लिटर माहेरी परत येतात. उरलेलं काम ब्रीदर करतो.

म्हणून पातळी बघायची ती ट्रॉली खाली, आर्म्स खाली, सपाटीवर. त्यानंतर ट्रॉली वर करताना पंप किर्रर्र करत असेल तर मात्र खरोखरच तेल कमी पडतंय, आणि काही पुस्तकांत बाहेरचा सिलिंडर जोडणार असाल तर खुणेवर अमुक इतकं जादा भरा असं दिलेलंही असतं. जादाची परवानगी तेवढ्यापुरती, तेवढीच.

दाजी हे ऐकताना एकदम गंभीर झाले. त्यांच्या डोक्यात सतरा लिटरपेक्षा मोठं काहीतरी सुरू झालं होतं, पण ते मला रात्री कळलं.

मधल्या वेळात मिस्त्रीचा चहा आला आणि त्याच्या छोकऱ्याने एका शंभर सीसीच्या मोटारसायकलचं तेल बदलायला घेतलं. या गाडीच्या पुस्तकात काढून भरायला ९०० मिलिलिटर आणि इंजिन खोललं तर लिटरपेक्षा जरा जास्त असं दिलेलं असतं. तिथे फरक दीडशे मिलिलिटरचा, पण भांडंच लहान म्हणून तो मोठा. छोकऱ्याने लिटरची बाटली उघडली आणि उलटी केली. शेवटच्या थेंबासाठी हलवली. मालकही खुश, पूर्ण बाटलीचे पैसे दिलेत म्हणून पूर्ण बाटली आत. चार दिवसांनी तो एअर फिल्टरच्या डब्यात तेल येतंय म्हणून परत येईल. शिवाय अशा बहुतेक गाड्यांची डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. छोकरा ती पूर्ण आवळून बघत होता, त्यामुळे त्याला तेल नेहमी जास्तच दिसायचं आणि तो ते मनावर घ्यायचा बंद झाला होता. मी त्याला सांगितलं. त्याने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने माझ्याकडे न पाहता चहा संपवला.

कोरड्या आणि फेरभरतीच्या आकड्यांत सगळ्यांत मोठी दरी बघायची तर टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक मोटारी बघाव्यात. आमचा भाचा तशीच गाडी घेऊन पुण्याहून जालन्याला येतो. त्याच्या गाडीत गिअरबॉक्सचं तेल काढलं तर जवळपास निम्मंच बाहेर येतं, कारण उरलेलं कन्व्हर्टरच्या भोपळ्यात अडकतं आणि त्याला खाली बोळ्ट नसतो. कोरडा आकडा बघून तेवढं तेल ओतलं तर आतलं तेल दीडपटीच्या जवळ जाईल. म्हणून तिथे काढलं तेवढंच मोजून भरतात, थोडं चालवतात, पुन्हा काढतात. अर्धं जुनं, मग पाव, मग अष्टमांश. दाजींच्या त्रेचाळीस लिटरपुढे हा श्रीमंतांचा खेळ.

संध्याकाळी ट्रॅक्टर गावी गेला. अक्काने दोन रिकाम्या बादल्या तिथल्या तिथे ताब्यात घेतल्या, एक न्हाणीसाठी, एक गाईच्या आंबोणासाठी, आणि तिसरी कधी रिकामी होणार असं दाजींना विचारलं. पुढच्या वेळी दोन बादल्या आणि पाच लिटरचा एक कॅन घ्यायचा हे मी आधीच सांगून ठेवलं आहे. पंचेचाळीसमध्ये त्रेचाळीस भरतात आणि दोन वरखालीला राहतात. तोवर त्या सतरा लिटरांचं झाकण घट्ट लावून, जमिनीवर नव्हे तर फळीवर, पाण्यापासून दूर ठेवायचं. जुन्या त्रेचाळीसपैकी थोडं दाजी गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी फासणार आहेत, बाकीचं भंगारवाला नेईल. ओढ्याला ओतायचं नाही असं मी बजावलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की फुकटात ओतायला त्यांना वेड लागलंय का.

रात्री फोन आला.

"सर, पलटी नांगराच्या सिलिंडरात किती बसतं?"

पलटी नांगराचा सिलिंडर दोन्हीकडून तेल घेणारा असतो. तो ट्रॉलीच्या जॅकसारखा खाली बसून रिकामा होत नाही. होज काढून नांगर वेगळा केला तरी तेल त्याच्या पोटात राहतं. लहानच असतो, लिटरभराच्या आतबाहेर. मी तसं सांगितलं, आणि मला कळायच्या आत फोनच्या पलीकडे शेजाऱ्यांचा निकाल लागला होता. हा नांगर दर उन्हाळ्यात शेजारचे तात्या भाड्याने नेतात. म्हणजे जाताना तो दाजींचं लिटरभर ताजं तेल घेऊन जाणार, तात्यांच्या ट्रॅक्टरमध्ये मिसळणार आणि येताना तात्यांचं, जे तात्यांनी ट्रॅक्टर घेतल्यापासून बदललं नाही असं गावात बोलतात, ते काळं तेल घेऊन दाजींच्या नव्या त्रेचाळीस लिटरांत सोडणार. तांत्रिकदृष्ट्या यात खोट काढता येईना. शेअर केलेल्या अवजारांतून तेलं मिसळतात, शिवाय होजचं टोक धुळीत पडलं तर धूळही जाते. कंपन्यांची पुस्तकंही होजच्या टोकांना टोपण लावायला सांगतात ते त्यासाठीच.

दाजींनी तात्यांना बोलावून सांगितलं की यंदापासून नांगराच्या भाड्यात तेलाचे वेगळे लागतील.

तात्या शाळेत दाजींच्या एक वर्ग पुढे होते आणि गणितात त्याहून जास्त. ते म्हणाले, "असं करू. नांगर मला कोरडा करून द्या. तेल काढून घ्या तुमचं."

"द्यायला काय झालं," दाजी म्हणाले.

"मग मी जोडला की माझं लिटरभर त्याच्यात जाईल. परत देताना ते तुमच्याकडं येणार. त्याचे किती देता?"

दाजींनी कोरडाच परत करायची अट घातली. तात्यांनी विचारलं, कोरडा म्हणजे किती कोरडा, बोळ्ट खोलून ठिबकेपर्यंत की सगळा खोलून पुसून? आत थोडं राहणारच, आणि ते कुणाचं? शेवटी दोघांनी मला मध्यस्थ नेमलं, आणि मी एक लिटरचं माप घेऊन येत्या रविवारी गावी यावं असं ठरवलं. नांगरट अजून व्हायची आहे, आणि माझ्या चहापाण्याचा खर्च कुणी द्यायचा यावर त्यांचं अजून जमलेलं नाही.